माठ नको, स्टीलचा पेला घ्या

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. पुस्तकातल्या जलचक्राच्या चित्राचा फोटो दाखवला, पण बाष्पीभवन, सांद्रीभवन, वाहून जाणारं पाणी, काहीच तिच्या डोक्यात शिरत नाही. कसं सांगू? आम्ही जळगावचे.

उत्तर : आधी फोटोतले बाण बोटाने झाका. माझ्या पोराला समुद्रातून ढगाकडे जाणारा बाण म्हणजे पाइप वाटला होता. "मग मोटर कुठे आहे?" म्हणे. शेतात बोअर बघणाऱ्या पोराचं चुकलं काय?

मोटर म्हणजे ऊन, हे ओट्यावर दाखवता येतं. फरशीवर पेलाभर पाणी सांडा, कडेने खडूची रेघ मारा. थोड्या वेळाने पाणी रेघेच्या आत सरकलेलं दिसेल. मातीवर सांडू नका, तिथे ते जिरतं. उकळता चहाही नको. पाणी उकळल्यावरच उडतं, असं मुलांना वाटून बसतं. शिवाय चहावरचा पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हेच, ते बारीक थेंब असतात. खरी वाफ दिसत नाही.

खरी गोची सांद्रीभवनात होते. आपण हटकून माठ दाखवतो, पण माठाचं पाणी आतून पाझरून बाहेर येतं. म्हणून स्टीलचा पेला घ्या. त्यात पाणी, बर्फ आणि चिमूटभर कुंकू टाका, बाहेरून कोरडा पुसा, वर झाकण ठेवा. थोड्या वेळाने बाहेर थेंब धरतील. मुलगी म्हणेल, पेला गळतोय. थेंब पांढऱ्या रुमालाने टिपायला सांगा. रुमालावर लाल डाग नाही, म्हणजे पाणी आतलं नाही, हवेतलं आहे. ढगातही असेच थेंब धरतात, फक्त पेल्याऐवजी धुळीच्या बारीक कणांवर.

मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की नुसत्या गार पाण्याने पेल्याला घाम येत नाही. तेव्हा बर्फ भरपूर घाला आणि पेला कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवा. आषाढात एवढा खटाटोप लागत नाही.

वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी परातीत काळ्या मातीचा ढीग करून तांब्याने हळूहळू पाणी घाला. आधी माती पिते, मग ओघळ सुटतात. शेतातही तेच होतं : उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन पहिला पाऊस गिळते, पुढे फुगून भेगा मिटल्या की पाणी वरून पळतं, नाल्याने तापीत जातं आणि सुरतेजवळ समुद्राला मिळतं.

जिरलेलं पाणी बऱ्याच चित्रांत नसतं. तुमच्या फोटोतही नसेल, तर वहीत चित्र उतरवून त्यात एक विहीर काढा. आम्ही काढली, तर पोराने लगेच तिच्यावर मोटर बसवली.