मोटार किती एचपीची घेऊ? : पाइपलाइनमधलं घर्षण आणि पंपाचं हेड

उन्हाळा जवळ आला की एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो: पाणी कमी पडतंय, मोटार मोठी घेऊ का? यातल्या बहुतेक पत्रांत एचपी लिहिलेला असतो, पण पाइपचा व्यास आणि लांबी नसते. त्या दोन गोष्टींशिवाय उत्तर देता येत नाही. ज्यांनी त्या कळवल्या, त्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : विहिरीतल्या पाण्यापासून शेताच्या वरच्या टोकापर्यंत चढ 20 मीटर आहे. मग 20 मीटर हेडचा पंप पुरेल ना?

नाही. 20 मीटर हेडला पाणी फक्त त्या उंचीपर्यंत चढेल. वाहायचं असेल तर घर्षणाचं हेड वर मोजावं लागतं. आणि चढ मे महिन्यातल्या पाण्याच्या पातळीपासून मोजा, आत्ताच्या नाही.

प्रश्न : एका एल्बोमागे एक एचपी वाया जातो असं गावात सगळे म्हणतात. आमच्या लाइनीत सहा एल्बो आहेत. काढून टाकू का?

हे कुणी मोजून सांगितलेलं नाही. 63 मिमी पाइपमधून सेकंदाला 5 लिटर पाणी जात असेल, तर साध्या एल्बोत साधारण 16 सेंटिमीटर हेड जातं, म्हणजे अडीच मीटर सरळ पाइपइतकंच. सहा एल्बोंचं मिळून एक मीटर. लाइन शेकडो मीटरची असेल तर त्यांना हात लावू नका.

मात्र मोटार विहिरीच्या काठावर असेल, तर सक्शनचा हिशेब वेगळा. तिथे पाणी हवेच्या दाबावर चढतं, आणि सगळे तोटे धरून सहा-सात मीटरच्या पुढे जाऊ नये. त्या बाजूला एल्बो कमीत कमी ठेवा, पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा घ्या आणि फूटव्हॉल्व्हची जाळी साफ ठेवा. पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येत असेल तर मोटार बंद करा आणि जाणकार मेकॅनिकला सक्शन दाखवा.

प्रश्न : 5 एचपीची ओपनवेल मोटार आहे, 63 मिमीची चार किलोची पीव्हीसी लाइन 600 मीटर. उन्हाळ्यात पाणी जमिनीखाली 12 मीटर, शेत विहिरीपेक्षा 8 मीटर उंच. 200 लिटरचा ड्रम भरायला 54 सेकंद लागतात. दुकानदार म्हणतो साडेसात एचपी टाका. टाकू?

टाकू नका. तुम्ही ड्रम लावून वेळ मोजली, म्हणून नीट हिशेब करता येतो. तुम्हाला सेकंदाला 3.7 लिटर मिळतात. 5 लिटर हवेत असं धरू.

चढ 12 अधिक 8, म्हणजे 20 मीटर. आता घर्षण. तुमच्या पाइपचा आतला व्यास साधारण 58.5 मिमी. हेझन-विल्यम्सच्या सूत्राने, पीव्हीसीसाठी गुणांक 140 धरून, 5 लिटरला दर 100 मीटरमागे सुमारे सव्वासहा मीटर हेड जातं. 600 मीटरला साडेसदतीस मीटर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एल्बो, गेट व्हॉल्व्ह आणि तोंडाशी सुटणारा वेग यांचे मिळून दोन मीटर धरा. एकूण 60 मीटर. म्हणजे पाणी उचलायला 20 आणि पाइपशी झगडायला 40.

एचपी काढायचं तर लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर, भागिले 75, आणि मग पंपसंचाच्या कार्यक्षमतेने भागायचं. 5 गुणिले 60 भागिले 75 म्हणजे 4. कार्यक्षमता 55 टक्के धरली तर सव्वासात एचपी. दुकानदाराचा आकडा इथपर्यंत बरोबर आहे. पण त्याने पाइपकडे पाहिलंच नाही. मोटार विहिरीत असल्याने काठावर, पाइपच्या सुरुवातीला, साधारण 46 मीटर, म्हणजे 4.6 किलो दाब येईल. पाइप चार किलोचा आहे. शेताकडचा व्हॉल्व्ह कुणी चुकून बंद केला तर दाब त्याहून बराच वर जाईल आणि पाइप जोडावरून सुटेल किंवा फुटेल. शिवाय महावितरणकडून वाढीव भार मंजूर करून घ्यायचा, केबल आणि स्टार्टर बदलायचे, हे खर्च वेगळेच.

आता तोच हिशेब 75 मिमी पाइपवर करा. आतला व्यास 70 मिमी. 100 मीटरमागे फक्त 2.6 मीटर, 600 मीटरला 16. चढ आणि किरकोळ तोट्यांसह 37 मीटर, म्हणजे साडेचार एचपी. 5 लिटर पाणी तुमच्याच 5 एचपीच्या आवाक्यात येतं. पाइपचा आतला व्यास 58.5 वरून 70 झाला, तर घर्षण निम्म्याहून खाली गेलं, कारण व्यास जवळपास पाचव्या घाताने हिशेबात येतो. पाण्याचा प्रवाह दुप्पट केला तर घर्षण साडेतीनपटीहून वाढतं. म्हणून बारीक पाइपला मोठी मोटार जोडून हा प्रश्न सुटत नाही, जास्तीचं हेड पाइपच खाऊन टाकतो.

जुना पाइप उपसायचा नसेल तर शेजारी दुसरी 63 मिमीची लाइन टाका आणि दोन्ही टोकं जोडा. प्रत्येकीतून अडीच लिटर गेलं तर घर्षण साडेदहा मीटर राहतं आणि एकूण हेड 31 मीटर होतं. दोन काळज्या घ्या. हेड उतरलं की मोटारीतून पाणी वाढतं आणि बहुतेक अशा पंपांत करंटही वाढतो, तेव्हा अ‍ॅमीटरवर पाहा. पाटीवरच्या आकड्याच्या वर गेला तर व्हॉल्व्ह थोडा आवळा. दुसरं, विहिरीला तेवढा झरा आहे का ते मे महिन्यातच कळेल. पाइप विकत घेण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या माणसाकडून हा कागद तपासून घ्या. माझी मापं तुमच्या पत्रातली आहेत, शेतातली नाहीत.

प्रश्न : पंपाच्या खोक्यावर 'हेड 54 मीटर, 540 लिटर प्रति मिनिट' छापलंय. 54 मीटरला एवढं पाणी मिळेल?

मिळणार नाही. 54 मीटर हे पाणी जवळजवळ बंद असतानाचं हेड, आणि 540 लिटर हे हेड जवळजवळ नसतानाचं पाणी, असे दोन वेगळे कडेचे आकडे एका ओळीत छापायची चाल जुनी आहे. दुकानदाराकडून हेड आणि डिस्चार्जचा तक्ता मागा. तुमच्या हिशेबाच्या हेडला किती लिटर मिळतात तेवढंच त्यात पाहा. तक्ता नसेल तर तो पंप घेऊ नका.

प्रश्न : मोकळ्या पाण्याच्या मोटारीवर ठिबक बसवलं. शेवटच्या ओळीत थेंब पडत नाही. बूस्टर घेऊ?

आधी फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाब मोजा. फरक अर्ध्या किलोच्या वर असेल तर फिल्टर धुवा. तो तोटा मोटारीचा नाही. त्यानंतरही पलीकडे दीड किलो नसेल, तर शेताचे दोन भाग करून पाळीपाळीने पाणी द्या. एका वेळचा प्रवाह कमी झाला की लाइनीतलं घर्षण उतरतं आणि मोटारीचं हेड वर येतं. तरीही शेवटच्या ड्रिपरला एक किलो मिळाला नाही, तर ठिबक आखून देणाऱ्याला लाइनीचा नकाशा आणि हे दाब घेऊन शेतावर बोलवा. बूस्टरची खरेदी तोवर थांबवा.