लोन फिटलं पण घराचे ओरिजनल कागद बँकेतच: पत्रात नक्की काय लिहायचं?

प्रश्न: वकील साहेब, आमचं जॉइंट होम लोन १४ फेब्रुवारी २०२५ ला पूर्ण फेडलं, नो ड्यूज सर्टिफिकेट पण मिळालं. आज १० जून, घराचे ओरिजनल पेपर अजून नाहीत. ब्रँचवाले म्हणतात स्टोरेजमधून येतील, पुढच्या आठवड्यात या. मी मोठा मेल केला, जास्तीचं व्याज, स्टाफचं वागणं, सिबिल अपडेट, पेपर, सगळं लिहिलं. उत्तरात परत नो ड्यूजच पाठवलं. आता काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या मेलमध्ये चार मागण्या होत्या, त्यातली सगळ्यात सोपी त्यांनी उचलली, कागद पाठवला आणि तक्रार बंद केली. बँकेत हे नेहमीचंच आहे, एका पत्रात चार विषय असले की अवघड विषयाला हात कोणी लावत नाही. म्हणून आता नवीन पत्र द्या आणि त्यात मागणी एकच, मूळ कागदपत्रं परत द्या. व्याज आणि सिबिलचं नंतर वेगळं बघू.

तुमची बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक आहे, त्यानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा पण काढायचा. उशीर झाला तर त्याचं कारण ग्राहकाला कळवायचं, आणि चूक बँकेची असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तुमचे ३० दिवस १६ मार्चला संपले, म्हणजे १७ मार्च ते आज १० जून हे ८६ दिवस झाले, हिशेब ४,३०,००० वर जातो. (हे व्यक्तीने घेतलेल्या होम लोनसारख्या कर्जांना लागू आहे, धंद्यासाठी घर गहाण ठेवून घेतलेल्या लोनला हाच नियम दाखवू नका.)

आता कपाटातून ती लिस्ट शोधा, लोन घेताना कागद जमा केले तेव्हा बँकेने सही करून दिलेली असते, लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स म्हणतात तिला. ती सापडली तर अर्धं काम झालं, कारण नुसतं "माझे पेपर द्या" म्हटलं की बँक विचारते कोणते पेपर. सापडली नाही तर खरेदीखताचा दस्त नंबर आणि नोंदणीची तारीख लिहा, ती तुमच्या झेरॉक्सवर असते.

पत्र एका पानाचंच ठेवा, साधारण असं:

"विषय: गृहकर्ज खाते क्र. ______, मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत.
वरील कर्ज १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पूर्ण फेडले आहे (यूटीआर क्र. ______, नो ड्यूज सर्टिफिकेट दि. ______). सोबतच्या यादीतील मूळ कागदपत्रे रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार ३० दिवसांत मिळायला हवी होती, ती मिळालेली नाहीत. ही सर्व कागदपत्रे आम्हाला २५ जून २०२५ पर्यंत ताब्यात द्यावीत."

बस्स. खाली तुम्हा दोघांच्या सह्या आणि मोबाइल नंबर, कारण जॉइंट लोनला एकाचीच सही बघून परत पाठवतात. पत्र ब्रँच मॅनेजरच्या नावाने, कॉपी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. आपल्या कॉपीवर तारखेचा शिक्का घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा.

"स्टोरेजमधून येतील" हे चार महिने ऐकतोय म्हणजे मला थोडी शंका येतेय की कागद गहाळ झाले असावेत. तसं असेल तर ते लेखी घ्या, तोंडी नको. मग डुप्लिकेट किंवा सर्टिफाइड कॉपी काढून द्यायला मदत करणं आणि त्याचा खर्च करणं बँकेवरच येतं, पण त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे भरपाई ६० दिवसांनंतर मोजायची. तुमच्या केसमध्ये १६ एप्रिलपासून, आजपर्यंत ५६ दिवस, २,८०,००० रुपये.

कागद मिळाले तर तिथेच बसून लिस्टशी एकेक ताडून बघा, खरेदीखताची पानं मोजा, आधीच्या मालकाचे जुने दस्त आहेत का बघा, घाईत नेमके तेच राहतात. "सर्व कागदपत्रे मिळाली" असं छापलेल्या फॉर्मवर काही कमी असताना सही केली तर पुढे भांडायला जागा उरत नाही, म्हणून सहीच्या वर हाताने लिहा, "अमुक दस्त मिळाला नाही."

भरपाईची मागणी कागद हातात आल्यावर वेगळ्या पत्राने करा, तेव्हा दिवस पक्के मोजता येतात. यातल्या कुठल्याही पत्राला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार टाका, फी नाही, वकीलही लागत नाही. तिथे ते शिक्का मारलेलं पत्रच जोडायचं.