बाटल्या ओतू नका, आणि संध्याकाळी बोलू नका

"बाबा ७१ वर्षांचे, नाशिकला एकटेच राहतात. आई जाऊन दीड वर्ष झालं. मी पुण्यात, भाऊ बेंगळुरूला. बाबा घरी कधीच घेत नसत, पण मागच्या खेपेला ओट्याखाली जुन्या पातेल्यांमागे सात-आठ रिकाम्या चपट्या सापडल्या. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना कळू न देता मी बाटल्या तशाच ठेवून आले. भाऊ म्हणतो, पुढच्या महिन्यात जाऊन घरातलं सगळं ओतून टाकू. विषय काढला तर ते आमच्याशी बोलणंच बंद करतील अशी भीती वाटते. कसं बोलावं?"

बाटल्या तशाच ठेवून आलात हे बरं केलंत. भावाला आजच फोन करून सांगा की काहीही ओतायचं नाही. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं, म्हणून आधी ते सांगते.

माझे वडील, अण्णा, नाशिकरोडला राहतात. आई गेल्यावर वर्षभरातच त्यांची रोजची एक चपटी सुरू झाली असावी. आम्हाला पत्ता नव्हता. लक्षात आलं ते घंटागाडीमुळे. आयुष्यात ज्यांनी केराच्या डब्याला हात लावला नाही, ते अण्णा सकाळी घंटी ऐकू आली की स्वतः डबा घेऊन खाली जायला लागले. कामाच्या मावशींना डबा उचलू देईनात. आम्ही कौतुक केलं, म्हातारपणी शिस्त आली म्हणून! मग एकदा बाल्कनीत जास्वंदीच्या कुंडीत मला बाटलीच्या सीलची तुटलेली पत्र्याची कडी दिसली. माती उकरली तर अजून चार निघाल्या.

दिवाळीत भाऊ आला. त्याने कपाट, माळा, स्कूटरची डिकी, सगळं धुंडाळलं, सापडलं ते बेसिनमध्ये ओतलं आणि पाकीटही काढून घेतलं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाची कपबशी वाजायला लागली इतका हात थरथरत होता. आम्हाला वाटलं, थंडी असेल, नाहीतर राग. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून मुंग्या झटकू लागले आणि आईला हाका मारू लागले. एका खासगी रुग्णालयात नेलं. तिथे कॅज्युअल्टीत विचारलं, "दारू घेतात का?" आणि भाऊ म्हणाला, "छे, छे." शेजारचे काका सोबत होते ना! अर्धा दिवस डॉक्टर सोडियम, इन्फेक्शन, मेंदूचा झटका असं शोधत बसले. मी बाजूला जाऊन खरं सांगितलं तेव्हा योग्य उपचार सुरू झाले. चूक डॉक्टरांची नव्हती, आमची होती.

तर यामागचं कारण. रोज दारू घेणाऱ्या माणसाचा मेंदू तिच्या गुंगीला तोलून धरायला सतत जास्त वेगाने चालायला शिकलेला असतो. दारू अचानक काढली की गुंगी जाते आणि वेग तेवढा उरतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. भास आणि भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास होतात, आणि उतारवयात ते जिवावर बेतू शकतात. प्रत्येकाला होतंच असं नाही. पण कोणाला होईल हे घरात बसून ओळखता येत नाही, म्हणून दारू थांबवण्याचं वेळापत्रक डॉक्टरच ठरवतात. ते काही दिवसांपुरती औषधं देऊन ती उतरवत नेतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. बाबांनी स्वतःहून अचानक बंद केली आणि ही लक्षणं दिसली तरी थेट रुग्णालय गाठा आणि दारात खरं सांगा.

अजून एक सल्ला तुम्हाला नातेवाइकांकडून हमखास मिळेल, तो म्हणजे चहात किंवा वरणात कळू न देता मिसळायची पावडर. त्यात काय असतं हे बरेचदा कोणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर वर दारू पोटात गेल्यावर रक्तदाब कोसळू शकतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात. बीपी असलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला हे कळू न देता देणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. हे औषध घेणाऱ्याला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

आता बोलण्याकडे येते. रुग्णालयातून आल्यावर अण्णा चार महिने कोरडे होते आणि मग पुन्हा लपून सुरू झालं. या वेळी भावाला मी घरीच थांबवलं. दोन्ही मुलं, सून, जावई समोर बसले की बापाला ते पंचायतीसारखं वाटतं. एकानेच बोलावं, आणि ते लाडक्यानेच असं नाही, ज्याच्याशी त्यांचं भांडण सर्वात कमी होतं त्याने. वेळ सकाळची, चहा-नाश्त्यानंतरची. संध्याकाळी सातनंतर फोनवर तर मुळीच नको, कारण तेव्हा तुम्ही त्यांच्याशी बोलत नसता, चपटीशी बोलत असता.

जाण्याआधी मी आठवडाभर एका वहीत फक्त पाहिलेलं लिहिलं, कोणत्या दिवशी काय, एवढंच. मावशींना हेर केलं नाही. त्यांनी बातमी दिली असं अण्णांना वाटलं असतं तर घरातलं एकमेव येतं-जातं माणूस बंद झालं असतं. मग एका रविवारी सकाळी अण्णांना गाडीत घालून सोमेश्वरला नेलं. गाडीत दोघंही समोर रस्त्याकडे बघत असतो, डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. गंगापूर रोडला लागल्यावर मी म्हणाले, "अण्णा, गुरुवारी रात्री फोनवर तुम्ही मला एकच गोष्ट तीनदा विचारलीत. आणि बाथरूममध्ये घसरलात ते मला खालच्या काकूंकडून कळलं. मला वाटतं, तुम्ही संध्याकाळी पुन्हा घेताय. बंद करा म्हणायला मी आले नाही. मला भीती वाटतेय."

"कोण म्हणालं तुला?" हे ठरलेलंच उत्तर. मी कुंडीतल्या कड्या, बाटल्या, काहीच पुढे केलं नाही. पुरावा दाखवला की गप्पा बाटलीवर जातात आणि माणूस वकील होतो. मी म्हटलं, "कोणी नाही. मीच बघितलं. तुमचा आवाज मला ओळखू येतो." मग सोमेश्वर येईपर्यंत आम्ही दोघं गप्प. पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावर ते म्हणाले, "तुझी आई होती तेव्हा सात ते नऊ तिच्या मालिका असायच्या. आता सात ते नऊ जात नाहीत गं."

दारूबद्दल त्यांनी दिलेली कबुली एवढीच. पण मला हवं होतं ते त्यात होतं. मी एकच मागणी केली, "डॉक्टरांना खरा आकडा सांगायचा. पुढचं ते ठरवतील, मी नाही." सोडायचं वचन मागितलं नाही. वचन मोडलं की माणूस आणखी खोल लपवतो.

आकडा का, ते सांगते. चपटी म्हणजे १८० मिली, म्हणजे ३० मिलीचे सहा पेग. "मी पूर्वी घ्यायचो तेवढीच घेतो" असं अण्णा म्हणत आणि ते खोटं नव्हतं. पण वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढीच दारू रक्तात जास्त दाट उतरते. वर गोळ्या. बीपीच्या गोळीसोबत उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती वाढते. झोपेची गोळी असेल तर श्वास मंदावू शकतो. ती चालू आहे का हे आधी बघा, मुलांना न सांगता वृद्ध ती घेतात. शुगरच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, आणि रिकाम्या पोटी दारू असं जमलं तर रात्री किंवा पहाटे शुगर खूप उतरते. घाम, बोबडी, गोंधळ. बघणाऱ्याला वाटतं, चढलीय, झोपू द्या. म्हणून ग्लुकोमीटर घरात ठेवा आणि असं दिसलं की आधी बोटाला टोचा. शुगर ७० च्या खाली असेल आणि ते नीट गिळू शकत असतील तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो न्या. नेहमीच्या डॉक्टरांना आधी एकटं भेटून किंवा दोन ओळींची चिठ्ठी देऊन कल्पना द्या. मग तेच "यकृताची तपासणी करू" म्हणून विषय काढतात, आणि मुलीपेक्षा डॉक्टरांना आकडा सांगणं सोपं जातं. अण्णा तिथे म्हणाले, "नव्वद घेतो." डॉक्टरांनी नुसतं विचारलं, "सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला लागते का?" अण्णा खाली बघत राहिले. त्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर घरच्या घरी कमी करण्याच्या भानगडीत पडायचं नाही. आम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. सात दिवस दाखल राहावं लागलं, या वेळी स्वतःच्या सहीने. गाडी पाठवून रात्री माणूस उचलून नेणाऱ्या केंद्रांच्या वाटेला जाऊ नका. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आहे. जाणत्या माणसाला असं उचलून नेता येत नाही आणि तुमचा उरलासुरला विश्वासही त्या गाडीतून जातो.

सात ते नऊचं काय केलं? माझा फोन, रोज. मध्ये शेजारच्या काकांबरोबर कॅरम. जेवण नऊऐवजी साडेसातला आणलं, कारण भरल्या पोटी ओढ कमी होते असं अण्णाच म्हणाले. तरी त्यानंतर दोनदा घसरले. पहिल्यांदा आईच्या वर्षश्राद्धाला. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "आज घेतली." मी ओरडले नाही, "जेवलात का?" विचारलं आणि सकाळी डॉक्टरांना कळवलं.

तुमचे बाबा कदाचित गाडीतून उतरून तडक घरी जातील, आठवडाभर फोन उचलणार नाहीत. तसं झालं तर दारूचा विषय न काढता नेहमीसारखे फोन करत राहा, आणि महिन्याभराने तेच वाक्य तेवढ्याच शब्दांत पुन्हा म्हणा. तोपर्यंत तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. दोन्हीकडे घरच्यांनी फोन केला तरी चालतो. पुढच्या खेपेला शनिवारी रात्री पोहोचलात तर काही बोलू नका, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का तेवढं बघा, नसेल तर सोमवारी माणूस बोलावून बसवून घ्या. रविवारी सकाळी मात्र चहा झाल्यावर त्यांना बाहेर काढा.