अन्नछत्रासाठी आवाहन: श्लोक कोणता, मजकूर किती

प्रश्न: आमच्या अन्नछत्रात सेवेला या, असं सभासदांना छोटंसं आवाहन करायचं आहे. गीतेचा आधार हवा, पण कुणावर दडपण यायला नको. कसं लिहू?

या कामासाठी बहुतेकांना आधी तिसऱ्या अध्यायातला १३वा श्लोक आठवतो. तो टाळा. स्वतःपुरतंच रांधणारे पाप खातात, असं त्यात म्हटलंय. प्रवचनात तो शोभतो, पण आवाहनात आला की न येणाऱ्याला तो आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं. त्याऐवजी ९.२६ घ्या, तोही एकच आणि सोप्या मराठीत. मजकूर साधारण असा:

"पान, फूल, फळ किंवा पाणी, जे कोणी भक्तीनं देतं ते मी ग्रहण करतो, असं भगवंत गीतेत सांगतात (९.२६). आपल्या अन्नछत्रात पुढचे चार रविवार सकाळी ८ ते १० भाज्या धुवायला आणि चिरायला चौघे हवे आहेत. एखादाच रविवार जमला तरी चालेल. काम बसून करता येतं, सुऱ्या इथे आहेत. सर्दी-ताप किंवा पोट बिघडलेलं असेल तर त्या दिवशी येऊ नका. यायचं असल्यास गुरुवारपर्यंत अमुक नंबरवर निरोप द्या. जमणार नसेल तर कळवायची गरज नाही."

यात 'चार रविवार' मुद्दाम आहे. शेवट ठरलेला नसला की एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं अडकलो, या धास्तीनं लोक गप्प बसतात. निरोपही एकाच व्यक्तीला जावा. ग्रुपवर 'मी येतो'ची रांग लागली की न बोलणारे आपोआप उघडे पडतात. आलेल्यांची नावं फलकावर लावली तरी तेच होतं.

'पुण्य लाभेल' हे वाक्य मात्र काढाच. फळावर डोळा ठेवून किंवा मनाविरुद्ध दिलेलं दान राजस, असं गीताच सांगते (१७.२१). लिहून झालेला मजकूर या श्लोकावर एकदा तपासून पाहा. 'प्रत्येकानं एकदा तरी यावं' यासारखी वाक्यं तिथेच पकडली जातात.

खरं दडपण बहुधा मजकुरात नसतंच, ते शनिवारी रात्रीच्या फोनांमधून येतं. चौघांऐवजी दोघांचेच निरोप आले तर काय करायचं, हे आवाहन पाठवण्याआधीच ठरवा: चिरायला कमी वेळ लागेल अशी भाजी घ्यायची, की एक पदार्थ कमी करायचा? शुक्रवारी बाजारहाट त्याच हिशेबानं करा. मग कुणाच्या मागे लागावं लागत नाही. आठवण एकदाच द्या, तीही हो म्हणालेल्यांनाच.