बातमीमागे खरा माणूस आहे का, हे कसं तपासायचं?

प्रश्न: एखाद्या न्यूज साइटवरचे लेख एआयने लिहिलेत का, हे साध्या वाचकाला कसं कळणार?

उत्तर: भाषेवरून अंदाज बांधण्याआधी लेखक तपासा. नावावर क्लिक करा, तो इतरत्र कुठे लिहितो का ते शोधा आणि त्याचा फोटो गूगल लेन्समध्ये टाका. नोव्हेंबर 2023मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकी क्रीडा मासिकाच्या साइटवरचा 'ड्रू ऑर्टिझ' नावाचा लेखक असाच पकडला गेला. 'फ्यूचरिझम' या तंत्रज्ञानविषयक न्यूज साइटच्या पत्रकारांना या नावाचा लेखक इतरत्र कुठेच सापडला नाही आणि त्याचा फोटो एआयने बनवलेले चेहरे विकणाऱ्या साइटवर निघाला. प्रकाशकांनी मजकूर बाहेरच्या कंपनीचा असल्याचं सांगितलं. ती कंपनी मात्र लेख माणसांनीच लिहिल्याचं म्हणत होती. म्हणजे खोट्या लेखकावरून मजकूर एआयचा आहे हे सिद्ध होत नाही, पण जबाबदार कोणीच नाही हे कळतं, आणि माझ्या मते विश्वास न ठेवायला तेवढं पुरे आहे.

फक्त नाव नाही म्हणून साइट बाद करू नका. मराठी वृत्तपत्रांत 'ऑनलाइन डेस्क' किंवा 'पीटीआय' एवढंच लिहिण्याची जुनी पद्धत आहे. तिथे संपादकाचं नाव आणि कार्यालयाचा पत्ता दिलाय का ते बघा.