करंगळी-अनामिकेला मुंग्या

म्हापशात हिशेबाचं काम करतो. दिवसभर टेबलावर कोपरं टेकून बसलो की संध्याकाळी करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात. कशाने?

अल्नर नस दबतेय. कोपर आपटल्यावर झिणझिण्या आणते ती हीच. कोपराच्या आतल्या हाडामागे तिच्यावर जवळजवळ नुसती कातडीच असते, त्यामुळे टेबलाच्या कडेचा दाब थेट लागतो. कोपर दुमडलं की ती ताणलीही जाते, म्हणून कोपर टेकून फोन कानाला लावणं सगळ्यात वाईट (मार्चएंडला मी हेच करायचो!). मलाही हाच त्रास होता, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून कोपराऐवजी कोपर आणि मनगट यांच्यामधला हात टेबलावर टेकवायला लागलो. रात्री हात दुमडू नये म्हणून कोपराला टॉवेल सैल गुंडाळला. महिन्याभरात मुंग्या गेल्या. बोटं सतत बधिर राहिली किंवा चावी फिरवताना चिमटीत जोर राहिला नाही, तर मात्र थांबू नका, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा.