झिरो ऑर्डरचा ग्राफ सरळ का येतो?

प्र. रिअॅक्टंट कमी होत चाललाय तर रेट पण कमी व्हायला हवा ना, मग कॅटॅलिस्टवर झिरो ऑर्डरमध्ये कॉन्सन्ट्रेशन-वेळ ग्राफ सरळ रेष कसा येतो?

कारण रिअॅक्शन गॅसमध्ये नाही, धातूच्या पृष्ठभागावर होते, मेख तिथेच आहे. 1130 K च्या आसपास तापलेल्या प्लॅटिनमवर अमोनिया भरपूर प्रेशरने असला की सगळ्या जागा फुल्ल, एक मॉलिक्यूल तुटून निघाला की दुसरा लगेच तिथे बसतो, त्यामुळे बाहेर गर्दी कितीही असो, मिनिटाला तुटणारे तेवढेच. समजा 0.10 mol/L पासून मिनिटाला 0.01 जातंय: 0.09, 0.08, 0.07... उतार कायम −k (k म्हणजे तोच ठरलेला रेट, इथे 0.01), म्हणजेच t वेळेनंतर उरलेलं कॉन्सन्ट्रेशन [A] = [A]₀ − kt.

फक्त ही रेष पट्टी लावून शून्यापर्यंत ओढू नका (पुस्तकं सर्रास ओढतात), शेवटी प्रेशर पडलं की जागा रिकाम्या राहायला लागतात आणि ग्राफ वाकून फर्स्ट ऑर्डरकडे जातो.